निकालपत्राचा सारांश कसा लिहावा: तथ्ये, मुद्दा, नियम, कारणे

कायद्याच्या अभ्यासक्रमात नवे आलेले विद्यार्थी सारांश लिहायला बसले की निकालपत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात आणि वाचतावाचता एकेक परिच्छेद लहान करत जातात. शेवटी हाती येते ते आखूड केलेले निकालपत्र. त्यात घटना असतात, दोन्ही वकिलांचे म्हणणे असते, कोण जिंकले तेही असते. पण उद्या थोडी वेगळी हकिकत असलेला खटला समोर आला, तर हा निकाल तिथे लागू होईल का, याचे उत्तर त्या कागदातून मिळत नाही. ते मिळावे म्हणूनच तर सारांश लिहायचा असतो.

त्यासाठी एक ठरलेला साचा लागतो आणि तो भरण्याचा ठरलेला क्रमही लागतो. साचा बहुतेकांना माहीत असतो, क्रमाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. म्हणून इथे एकच छोटा निकाल घेऊन तो साच्यात कसा बसवायचा ते सावकाश पाहू. निकाल आहे लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, 1913. करार कायद्याच्या पहिल्या काही तासांतच हा शिकवला जातो, मूळ निकालपत्र अगदी लहान आहे आणि त्याचे फिरत असलेले तयार सारांश बहुधा एका महत्त्वाच्या ठिकाणी चुकतात.

आधी साचा. वहीच्या एका पानावर, एका निकालासाठी, हे रकाने याच क्रमाने लिहावेत:

शीर्षक: पक्षकार, न्यायालय, वर्ष, सायटेशन, न्यायमूर्ती.
खटल्याचा प्रवास: खाली काय ठरले, वर कोण आले.
तथ्ये: निकालावर परिणाम करणाऱ्या घटना.
मुद्दा: न्यायालयाने सोडवलेला प्रश्न, एका वाक्यात.
नियम: त्या प्रश्नाला लावलेले कायद्याचे तत्त्व.
कारणे: तत्त्वापासून निकालापर्यंतची वाट.
निकाल: अर्ज मंजूर की फेटाळला.
माझी नोंद: शंका, मर्यादा, इतर निकालांशी नाते.

कागदावर हा क्रम ठीक आहे, कारण नंतर वाचणाऱ्याला तो सोयीचा पडतो. लिहिताना मात्र उलट चालायचे: आधी निकाल, मग कारणे, मग नियम, मग मुद्दा आणि तथ्ये सर्वांत शेवटी. कारण साधे आहे. कोणते तथ्य महत्त्वाचे हे न्यायालयाच्या कारणांवरून ठरते, आणि ती कारणे वाचण्यापूर्वी तथ्ये लिहायला बसलात तर सगळेच महत्त्वाचे वाटते.

पहिली पायरी: हातात पेन न घेता एकदा पूर्ण वाचणे

मूळ निकालपत्र वाचा. सुरुवातीला छापलेली हेडनोट निकाल प्रसिद्ध करणाऱ्या रिपोर्टरच्या संपादकांनी लिहिलेली असते, न्यायाधीशांनी नव्हे. निकाल शोधायला तिचा उपयोग होतो, पण तिच्यावरून सारांश लिहिला तर दुसऱ्याने केलेल्या निवडीचीच निवड तुम्ही करत असता.

या वाचनात एवढेच शोधायचे: न्यायालयात कोण आले होते, काय मागत होते आणि ते मिळाले का. आपल्या निकालात लालमन शुक्ल हा वादी. तो गौरी दत्त याच्या पेढीवर मुनीम होता. मालकाच्या हरवलेल्या नातलग मुलाच्या शोधात त्याला हरिद्वारला पाठवले होते, आणि मुलगा त्याला सापडला. त्या शोधासाठी जाहीर झालेल्या बक्षिसाच्या रकमेसाठी त्याने दावा लावला, खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, म्हणून तो पुनरीक्षण अर्ज घेऊन उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती बॅनर्जी यांनी अर्ज खर्चासह फेटाळला. एवढ्यावर ‘प्रवास’ आणि ‘निकाल’ हे दोन रकाने भरले. हे अपील नव्हते, पुनरीक्षण होते. सारांशात तसेच लिहावे. वरच्या न्यायालयाला किती खोलात जाता येते हे त्यावर अवलंबून असते.

दुसरी पायरी: कारणे वेगळी काढणे

आता पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे कोण बोलते आहे? पक्षकाराचा वकील, आधीच्या निकालातले न्यायाधीश की या खटल्यातले न्यायाधीश स्वतः? निकालपत्रात हे तिन्ही आवाज एकाच परिच्छेदात मिसळलेले असतात. वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून सारांशात शिरतो तो इथेच. ‘असे प्रतिपादन करण्यात आले’, ‘असे म्हणणे मांडले गेले’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यांच्या समासात ‘व’ लिहा. न्यायाधीशांच्या स्वतःच्या निष्कर्षाशेजारी ‘न्या’ लिहा. कारणांच्या रकान्यात फक्त ‘न्या’ची वाक्ये जातील.

लालमन शुक्लच्या वकिलाचे म्हणणे असे होते: करार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे प्रस्तावातली अट पूर्ण करणे हीच स्वीकृती असते. मुलगा शोधला, अट पूर्ण झाली. बक्षिसाची माहिती होती की नव्हती, हेतू काय होता, याला महत्त्व नाही. यासाठी त्याने जुन्या इंग्लिश निकालांचा आधार घेतला. ही सगळी ‘व’ची वाक्ये.

न्यायमूर्तींनी दिलेली कारणे दोन टप्प्यांत येतात. पहिला टप्पा तत्त्वाचा आहे: असा दावा करारावरच उभा राहू शकतो, करारासाठी स्वीकृती लागते आणि प्रस्तावाची माहिती असल्याशिवाय स्वीकृती होत नाही. हेतू, म्हणजे कृतीमागची प्रेरणा, आवश्यक नाही, पण माहिती आणि स्वीकारण्याचा इरादा आवश्यक आहे. दुसरा टप्पा या वादीचा आहे: हा मनुष्य नोकर होता. हरवलेला मुलगा शोधणे हे मुनिमाच्या नेहमीच्या कामात बसत नाही हे खरे, पण हरिद्वारला जायला तो तयार झाला तेव्हा ते काम त्याने अंगावर घेतले. बक्षीस जाहीर होण्यापूर्वीच त्याच्यावर शोधण्याचे बंधन आले होते. म्हणून शोधण्याची ती कृती बक्षिसाच्या वचनासाठी प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, ठरत नाही.

दोन्ही टप्पे वेगवेगळ्या ओळींवर लिहा, एकात मिसळू नका. पुढची पायरी त्यावरच उभी आहे.

तिसरी पायरी: नियम शोधणे आणि तो तपासणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. या निकालाचा नियम विचारला की जवळजवळ सगळे एकच उत्तर देतात: प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकृती नाही. निकालपत्रात ते वाक्य आहे, आणि ते बरोबरही आहे. पण वादी हरला तो त्यामुळेच का, हे तपासायला हवे.

तपासण्याची जुनी पद्धत अशी: नियम उलटा करून पाहायचा आणि निकाल बदलतो का ते विचारायचे. समजा न्यायालयाने म्हटले असते की माहितीची गरज नाही, नुसती अट पूर्ण केली तरी पुरे. तर शुक्ल जिंकला असता का? नाही. आधीचे बंधन तसेच उभे राहते आणि प्रतिफलाचा प्रश्न त्याला अडवतोच. आता दुसरा नियम उलटा करू. समजा आधीचे बंधन आड येत नाही असे न्यायालयाने म्हटले असते. मग सगळे माहितीच्या प्रश्नावर येऊन ठेपले असते, आणि निकालपत्रात एक बारीकशी ओळ आहे जी बहुतेक तयार सारांशांतून गळून गेलेली असते: बक्षिसाची पत्रके शुक्ल निघून गेल्यानंतर काढली गेली, पण त्यांतली काही त्याच्याकडे हरिद्वारला पाठवलीही गेली होती.

ही ओळ वाचल्यावर ‘त्याला बक्षिसाची काहीच कल्पना नव्हती’ असे ठामपणे लिहिता येत नाही. पत्रके मुलगा सापडण्याआधी हातात पडली की नंतर, हे निकालपत्र सांगत नाही. आणि न्यायमूर्तींनीही या वादीबद्दल बोलताना ‘माहिती नव्हती म्हणून’ असे न म्हणता ‘बंधन आधीच होते म्हणून’ असे म्हटले आहे. तेव्हा माझ्या मते या निकालाचा खरा भार आधीच्या बंधनावर आहे. माहितीचे तत्त्व त्यात सांगितलेले आहे, पण या वादीला लावून दाखवलेले नाही.

उलटून पाहण्याच्या या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवा. न्यायालयाने एकाच निष्कर्षासाठी दोन स्वतंत्र कारणे दिली आणि दोन्ही पुरेशी असली, तर कोणतेही एक उलटे केले तरी निकाल तसाच राहतो, आणि या चाचणीने दोन्ही कारणे बिनमहत्त्वाची ठरतील. अशा वेळी दोन्ही नियम लिहावेत आणि शेजारी ‘दोन स्वतंत्र आधार’ अशी नोंद करावी. प्रस्तुत निकाल काही शिक्षक तसाच शिकवतात, आणि ती भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. मात्र कोणती भूमिका घेतली आणि कशामुळे, हे सारांशात दिसले पाहिजे.

नियम लिहिताना त्याची रुंदी सांभाळा. ‘नोकराला बक्षीस मिळत नाही’ हे फार रुंद झाले. कामाशी संबंध नसलेल्या गोष्टीसाठी, कोणी न पाठवता शोधायला निघालेल्या नोकरालाही ते अडवेल, आणि न्यायालयाने तसे म्हटलेले नाही. ‘हरिद्वारला पाठवलेल्या मुनिमाला भाच्यापुतण्याच्या शोधाचे बक्षीस मिळत नाही’ हे इतके अरुंद की पुन्हा कधीच वापरता येणार नाही. योग्य रुंदी मधे कुठेतरी असते: ज्या कृतीचे बंधन एखाद्याने बक्षीस जाहीर होण्यापूर्वीच स्वीकारले आहे, ती कृती त्या बक्षिसाच्या वचनासाठी प्रतिफल ठरत नाही. यात नावे गेली, गावे गेली, पण घटनांचा क्रम टिकला, कारण निकाल त्या क्रमावरच उभा आहे.

चौथी पायरी: मुद्दा एका वाक्यात

नियम हाती आला की मुद्दा लिहिणे सोपे होते. मुद्दा म्हणजे असा प्रश्न की नियम हे त्याचे उत्तर असेल. ‘वादीला बक्षीस मिळेल का?’ हा प्रश्न पक्षकारांचा आहे, कायद्याचा नाही. ‘वैध करार झाला होता का?’ हाही पुरेसा नाही, कारण करार कायद्याच्या निम्म्या निकालांवर तो तसाच चिकटवता येईल.

चांगल्या मुद्द्यात दोन गोष्टी असतात: कायद्याचा प्रश्न आणि तो प्रश्न ज्यांमुळे उभा राहिला ती एकदोन तथ्ये. इथे असा लिहिता येईल: मालकाने शोधासाठी पाठवलेल्या नोकराने मुलगा शोधला, आणि बक्षीस तो निघाल्यानंतर जाहीर झाले, तर त्या शोधामुळे बक्षिसाचा करार होतो का? हे वाक्य होय किंवा नाही असे उत्तर मागते. उत्तर देता येत नसेल किंवा ‘परिस्थितीवर अवलंबून’ असे द्यावे लागत असेल, तर मुद्द्यात एखादे तथ्य कमी आहे असे समजावे.

पाचवी पायरी: आता तथ्ये

कारणांचा रकाना समोर ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला कोणत्या तथ्याचा टेकू आहे ते पाहा. ज्याचा टेकू लागतो ते तथ्य आत, बाकीचे बाहेर. शुक्ल नोकर होता, आत. त्याला हरिद्वारला पाठवले आणि प्रवासखर्च दिला, आत. बंधन तिथे तयार झाले. पत्रके तो गेल्यावर निघाली, आत. काही पत्रके त्याच्याकडे गेली, तेही आत, कारण माहितीच्या तत्त्वाचा या खटल्यातला वाटा त्यावरून ठरतो. मुलगा हृषीकेशला सापडला, शुक्लने तार केली, मालक येऊन मुलाला कानपूरला घेऊन गेला; यातले ‘सापडला आणि कळवले’ एवढेच पुरे.

मग मालकाने त्याला दोन सॉव्हरिन नाणी आणि नंतर 20 रुपये दिले, तो आणखी साधारण सहा महिने नोकरीत राहिला, काढून टाकल्यावर त्याने 499 रुपयांचा दावा लावला, या भागाचे काय? हकिकत म्हणून तो सर्वांत लक्षात राहणारा भाग आहे. पण न्यायालयाने निकाल त्यावर टेकवलेला नाही. दाव्याची रक्कम एका शब्दसमूहात सांगावी, बाकीचे सोडून द्यावे. परीक्षेत तपशिलांबद्दल गुण मिळतील या भीतीने विद्यार्थी ते भरतात आणि मग पत्रकांची ओळ मात्र राहून जाते.

आणखी एक काळजी. पक्षकाराने केलेला आरोप आणि न्यायालयाने मान्य केलेले तथ्य वेगळे असते. पाठवतानाच मालकाने बक्षिसाचे वचन दिले होते, असे शुक्लने दाव्यात म्हटले होते. न्यायालयाला ते खरे आढळले नाही. सारांशात ही गोष्ट लिहायचीच झाली तर ‘वादीचे म्हणणे, सिद्ध झाले नाही’ असे स्पष्ट लिहावे. हा आरोप खरा ठरला असता तर वचन आणि काम एकाच वेळी आले असते आणि खटल्याचे चित्रच बदलले असते.

भरलेला साचा

शीर्षक: लालमन शुक्ल वि. गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, (1913) 11 अलाहाबाद लॉ जर्नल 489, न्या. बॅनर्जी.

प्रवास: खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादीचा पुनरीक्षण अर्ज.

तथ्ये: वादी प्रतिवादीच्या पेढीवर मुनीम होता. प्रतिवादीचा हरवलेला नातलग मुलगा शोधण्यासाठी वादीला खर्च देऊन हरिद्वारला पाठवले. तो गेल्यानंतर, मुलगा शोधणाऱ्यास 501 रुपये बक्षीस देण्याची पत्रके निघाली. त्यांतली काही वादीकडेही पाठवली गेली. वादीने मुलगा शोधून कळवले. पुढे त्याने बक्षिसापैकी 499 रुपयांसाठी दावा लावला. पाठवतानाच बक्षिसाचे वचन दिले होते, हे त्याचे म्हणणे सिद्ध झाले नाही.

मुद्दा: मालकाने शोधासाठी पाठवलेल्या नोकराने मुलगा शोधला आणि बक्षीस तो निघाल्यानंतर जाहीर झाले, तर त्या शोधामुळे बक्षिसाचा करार होतो का? नाही.

नियम: बक्षीस जाहीर होण्यापूर्वीच स्वीकारलेल्या बंधनानुसार केलेली कृती त्या बक्षिसाच्या वचनासाठी प्रतिफल ठरत नाही. शिवाय, प्रस्तावाची माहिती असल्याशिवाय स्वीकृती होत नाही. हेतू आवश्यक नाही.

कारणे: बक्षिसाचा दावा करारावरच उभा राहतो. कलम 8 नुसार अट पूर्ण केल्यावर स्वीकृतीचा निष्कर्ष निघतो, पण त्याआधी प्रस्तावाची माहिती हवी. वादी नोकर होता. शोध हे त्याचे नेहमीचे काम नसले तरी जायला तयार होऊन त्याने ते अंगावर घेतले. बंधन पत्रकांच्या आधीचे, म्हणून शोध हे प्रतिफल नाही.

निकाल: अर्ज खर्चासह फेटाळला.

माझी नोंद: पत्रके शोधाआधी वादीला मिळाली का हे निकालपत्रात नाही. निकाल मुख्यतः आधीच्या बंधनावर टेकलेला दिसतो.

पूर्ण झाल्यावर मूळ निकालपत्र बाजूला ठेवा आणि तुमचा कागद, निकालाचा रकाना झाकून, हा निकाल न वाचलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या. मुद्द्याच्या शेवटचे ‘नाही’ही झाकायला विसरू नका. तथ्ये, नियम आणि कारणे वाचून त्याने निकाल बरोबर ओळखला, तर कारणांची साखळी पूर्ण आहे. तो ‘पण त्याला पत्रक मिळाले होते ना?’ असे विचारून अडखळला, तर तुमची नोंद योग्य ठिकाणी आहे. आणि त्याला भलताच निकाल लागेल असे वाटले, तर कुठलेतरी तथ्य राहून गेले आहे किंवा नियम जास्त रुंद झाला आहे. तिथेच दुरुस्ती करायची, पूर्ण कागद पुन्हा लिहायची गरज नाही.

हाच साचा मोठ्या निकालांना लावताना दोन बदल लागतात. एका निकालपत्रात तीन मुद्दे असतील तर मुद्दा, नियम आणि कारणे या तीन रकान्यांचा संच तीनदा लिहायचा. सगळे मुद्दे एकत्र आणि सगळी कारणे एकत्र लिहिली की कोणते कारण कशाचे हे कळेनासे होते. दुसरा बदल अनेक न्यायमूर्तींच्या पीठासाठी. 1973 च्या केशवानंद भारती निकालात 13 न्यायमूर्ती होते, 11 स्वतंत्र निकालपत्रे होती आणि बहुमत 7 विरुद्ध 6 असे होते. तिथे ‘न्यायालयाची कारणे’ असा एक रकाना भरताच येत नाही. आधी प्रत्येक मुद्द्यावर कोण कोणत्या बाजूला होते याचा तक्ता करायचा, मग बहुमतातल्या प्रत्येकाचे कारण एकेका ओळीत लिहायचे आणि ज्या विधानाला त्या सर्वांचा आधार आहे तेवढेच नियमाच्या रकान्यात न्यायचे. अल्पमताचे कारण खाली, वेगळ्या ओळीवर.